मित्राने धंदा बंद केल्याची पोस्ट टाकली आहे: पोकळ धीर टाळून कमेंट कशी लिहावी

धंदा बंद केल्याची पोस्ट कोणी टाकली की खाली भराभर कमेंट पडतात. 'खचू नकोस', 'यापेक्षा मोठं काहीतरी होणार आहे', 'तू फायटर आहेस'. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण वाचणाऱ्याला त्यातून धीर मिळत नाही. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य पुढे काय होईल याचं आश्वासन आहे, आणि ते पाळणं लिहिणाऱ्याच्या हातात नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. ज्याने नुकताच शेवटचा हिशेब मिटवला आहे, त्याला असल्या आश्वासनांची किंमत फार लवकर कळते.

म्हणून इथे सांगितलेली पद्धत एका साध्या नियमावर उभी आहे: जे घडून गेलं आहे आणि तुम्ही स्वतः पाहिलं आहे, त्याच्या आधाराने बोला. पुढे काय होईल ते सांगू नका. कमेंट तीन ते सात छोट्या वाक्यांची, साधारण पन्नास-साठ शब्दांची असावी. ती लिहायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि त्यातला निम्मा वेळ लिहिण्याआधीच जातो.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना पोस्ट शेवटपर्यंत वापरू. घरी येऊन सायकली दुरुस्त करून देण्याची सेवा चालवणाऱ्या मित्राने लिहिलं आहे:

> "चार वर्षं चालवलेली सेवा काल बंद केली. तिन्ही कारागिरांचे पगार चुकते केले आहेत. ज्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते त्यांना उरलेली रक्कम महिनाअखेर परत मिळेल. दुसरी गाडी घ्यायची घाई मी केली, तिचे हप्ते झेपले नाहीत. चूक माझीच. सध्या फोन उचलत नाहीये, राग मानू नका."

## १. पोस्ट दोनदा वाचा आणि चार गोष्टी टिपा

पहिल्या वाचनात आपल्याला फक्त 'बंद पडलं' एवढंच दिसतं आणि बोटं लगेच लिहायला लागतात. दुसऱ्या वाचनात पुढच्या चार प्रश्नांची उत्तरं शोधा. कागदावर लिहिलीत तर उत्तम.

नेमकं काय संपलं? वरच्या पोस्टमध्ये सेवा संपली आहे. मित्राचं कसब संपलेलं नाही, पण हे त्याला आज ऐकवायचं की नाही, ते पुढे ठरवू.

काय अजून चालू आहे? ग्राहकांचे पैसे परत करायचे आहेत. गाडीचे हप्ते बहुधा चालू असतील, पण त्याने तसं लिहिलेलं नाही. जे त्याने लिहिलं नाही ते तुम्हाला माहीत असलं तरी कमेंटमध्ये येता कामा नये.

दोष त्याने कोणाला दिला आहे? इथे स्वतःला, आणि नेमकं कारण सांगून. बाजाराला, भागीदाराला किंवा नशिबाला दोष देणारी पोस्ट असती तर तुमचं उत्तरही वेगळं झालं असतं.

त्याने काय मागितलं आहे? बहुतेक जण ही ओळ वाचूनही सोडून देतात. इथे मागणी स्पष्ट आहे: फोन करू नका. दुसऱ्या पोस्टमध्ये कारागिरांना काम बघा, अवजारं विकायची आहेत, असं काही असू शकतं. तसं असेल तर आधी त्यालाच उत्तर द्या. कारागिरांसाठी काम मागणाऱ्याला 'तू हिरा आहेस' असं लिहिणं म्हणजे त्याचं म्हणणं न ऐकणं.

सावधान: 'आता कशातच अर्थ उरला नाही', 'मी सगळ्यांवर ओझं झालोय', 'मी नसलो तर बरं होईल' अशा अर्थाचं काही पोस्टमध्ये असेल तर कमेंटचा विचार सोडा. ताबडतोब फोन करा. फोन उचलला नाही तर त्याच्या घरच्यांना गाठा किंवा स्वतः जा. जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार मनात येतोय का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. धोका दिसला तर त्याला एकटं सोडू नका आणि आपत्कालीन मदत बोलवा. तो फोन उचलत नाही म्हणाला होता, ही अडचण अशा वेळी मानायची नाही.

## २. उघड लिहायचं की खासगीत, हे आधी ठरवा

ही पोस्ट फक्त मित्रमंडळी वाचत नाहीत. ज्यांचे पैसे अडकले आहेत ते ग्राहक वाचतात. कामावरून गेलेले कारागीर, माल पुरवणारे, जुना भागीदार, घरची माणसं आणि पुढे कधी त्याला नोकरी देऊ शकतील असे लोकही वाचतात. कमेंट लिहिताना हे सगळे शेजारी बसलेत असं समजा.

त्यामुळे उघड कमेंटचं काम वेगळं आणि खासगी निरोपाचं वेगळं. चारचौघांत साक्ष देणं हे खासगी निरोपाला जमत नाही: या माणसाने काम कसं केलं ते मी पाहिलं आहे. हे इतरांसमोर लिहिलं जातं तेव्हाच त्याला वजन येतं. याउलट प्रश्न, सल्ले, पैशांची मदत, कर्जाची चौकशी आणि 'तेव्हाच म्हणालो होतो' ही मंडळी उघड कमेंटमध्ये नकोतच. त्यातलं शेवटचं तर खासगीतही नको.

उघड लिहायचंच टाळावं असेही प्रसंग असतात. धंद्यात लोकांचे पैसे बुडाले असतील आणि ते परत मिळण्याची काही खात्री नसेल, तर पोस्टखाली केलेलं कौतुक त्या लोकांना झोंबतं. मग ते चिडून उत्तर देतात आणि भांडण तुमच्या मित्राच्या अंगावर येतं. भागीदाराशी वाद चालू असेल, प्रकरण कोर्टात असेल, तरी तेच. अशा वेळी पोस्टखाली 'वाचलं. तुला वेगळा मेसेज केला आहे' एवढंच लिहा आणि उरलेलं खरोखर मेसेजमध्ये लिहा.

नमुना पोस्टमध्ये पगार दिले गेले आहेत आणि परताव्याची मुदत सांगितली आहे. उघड लिहायला हरकत नाही.

## ३. लिहिण्याआधी एक पुरावा शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. पुरावा म्हणजे त्या धंद्यातली एक अशी गोष्ट जी घडली, जी तुम्ही पाहिलीत किंवा अनुभवलीत, आणि जी धंदा बंद झाल्यानेही खोटी ठरत नाही. 'तू खूप मेहनत घेतलीस' हा पुरावा नाही, ते मत आहे. 'पावसात येऊन चेन बसवून दिलीस आणि जुना भाग बदलायची गरज नाही असं स्वतःहून सांगितलंस' हा पुरावा आहे.

तो शोधायला तीन जागा आहेत. पहिली, तुम्ही ग्राहक असाल तर त्या कामाचा परिणाम: काय दुरुस्त झालं, अजून चालतंय का. दुसरी, तो इतरांशी कसा वागला, म्हणजे कारागिराला काम शिकवताना किंवा तक्रार आलेल्या ग्राहकाशी बोलताना तुम्ही काय पाहिलंत. तिसरी म्हणजे पोस्टच. धंदा बंद कसा केला हेही कामच आहे, आणि बरेच जण नेमकं इथेच पाहत नाहीत. नमुना पोस्टमधल्या मित्राने आधी पगार दिले, परताव्याची मुदत स्वतः जाहीर केली आणि दोष दुसऱ्यावर ढकलला नाही. तुम्ही त्याच्या सेवेचा कधीच उपयोग केला नसेल तरी एवढं तुम्हाला दिसतंच आहे.

तिन्ही जागी काही सापडलं नाही तर ओढूनताणून कौतुक रचू नका. 'वाचलं. वाईट वाटलं. आठवण काढतोय' हे तीन शब्दगट प्रामाणिक आहेत आणि पुरेसे आहेत. फार जवळची ओळख नसेल तर यापुढे जाऊही नये.

तपासा: तुमचा पुरावा दुसऱ्या कोणाच्या, वेगळ्याच धंद्याच्या पोस्टखाली जसाच्या तसा चिकटवता येतो का? येत असेल तर तो अजून पुरावा झालेला नाही.

## ४. वाक्यांचा क्रम

क्रम असा: आधी नुकसान मान्य करणं, मग पुरावा, शेवटी एखादी छोटी, मोजकी तयारी. तो उलटा केला की बिघडतो. पुरावा आधी आणि 'वाईट झालं' नंतर लिहिलं तर कौतुक निरोपसमारंभातल्या भाषणासारखं वाटतं. मदतीची तयारी आधी आली तर मित्राला आधी तुमचं समाधान करावं लागतं.

पहिलं वाक्य: जे गेलं ते मान्य करा. ते छोटं असावं आणि त्याचे शब्द शक्यतो त्याच्याच पोस्टमधून घ्यावेत. 'चार वर्षांचं काम बंद करणं जड गेलं असणार.' इथे 'असणार' मुद्दाम आहे. त्याला काय वाटतंय ते तुम्हाला नक्की माहीत नाही, म्हणून 'मला कळतंय तुला काय होतंय' असं लिहू नका. 'ऐकून धक्का बसला, रात्रभर झोप लागली नाही' हेही नको. त्यात दुःखाचा मालक बदलतो आणि आता मित्रालाच तुमची समजूत काढावी लागते.

त्याने स्वतःला दोष दिला असेल तर. इथे 'छे, तुझी काहीच चूक नाही' असं लिहायचा मोह अनावर होतो. तो आवरा. हप्ते त्याने मोजले आहेत, तुम्ही नाहीत. तुमचं वाक्य त्याला खोटं वाटलं की पुढची सगळी कमेंट खोटी वाटते. मानसशास्त्रज्ञ डेनिझ मॅरिगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१४ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन इथे उपयोगी आहे. ज्यांना स्वतःबद्दल फारसा विश्वास नसतो त्यांना 'चांगल्या बाजूने बघ' अशा प्रकारचा आधार नीट पोचत नाही. वाटतंय ते साहजिक आहे असं सांगणारा आधार ते अधिक सहज स्वीकारतात, असं त्यात दिसलं. एरवी खंबीर असलेला माणूसही धंदा बुडाल्याच्या आठवड्यात स्वतःवर किती विश्वास ठेवत असेल, याचा अंदाज करायला हरकत नाही.

मग काय लिहायचं? चूक नाकारू नका आणि तिच्यावर निकालही देऊ नका. 'गाडीबद्दल तू लिहिलंस ते वाचलं' एवढं पुरे. तुम्ही ते वगळलं नाहीत आणि कुरवाळलंही नाहीत.

मधलं वाक्य: पुरावा. भूतकाळात आणि तपशिलासह. एकच पुरावा, फार तर दोन. पाच-सहा गुण ओळीने मोजले की ते प्रशस्तिपत्रक होतं. गुणाचं नाव घेण्यापेक्षा कृती सांगा. 'तू प्रामाणिक आहेस' हे वाक्य मित्र मनातल्या मनात खोडू शकतो, पण 'पगार आधी चुकते केलेस' हे खोडता येत नाही.

शेवटचं वाक्य: मोजकी तयारी. 'काही लागलं तर हक्काने सांग' ही सगळ्यात जास्त लिहिली जाणारी आणि बहुधा सगळ्यात कमी वापरली जाणारी मदत. काय मागायचं, किती मागायचं, कधी मागायचं हे सगळं ठरवायचं काम ती थकलेल्या माणसावरच टाकते. त्याऐवजी तुम्ही काय करणार आणि कधी, ते सांगा, आणि उत्तर द्यायच्या बंधनातून त्याला मोकळं करा. मोठी मदत द्यायची असली तरी उघड कमेंटमध्ये फक्त निरोप पाठवणार एवढंच लिहा. पैशांचा शब्दही नको.

आता नमुना. पहिला खर्डा बहुतेकांच्या हातून असा उतरतो:

> "अरे टेन्शन घेऊ नकोस! अपयश ही यशाची पहिली पायरी आहे. जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. तू प्रयत्न तरी केलास, लोक तेवढंही करत नाहीत. दणक्यात परत येशील, खात्री आहे! काही लागलं तर सांग."

पहिलं वाक्य आज्ञा आहे आणि ती पाळता येणारी नाही. दुसरं कोणाच्याही पोस्टखाली चालेल. तिसऱ्याचा अर्थ तीन कारागिरांची नोकरी गेली हेही चांगल्यासाठीच झालं असा होतो, आणि ते कारागीर हे वाचत आहेत. चौथ्यातलं 'तरी' चार वर्षांच्या चालत्या सेवेला नुसत्या प्रयत्नावर आणून ठेवतं. पाचवं वाक्य त्याच्यावर परत येण्याची जबाबदारी टाकतं; त्याला कदाचित पुन्हा धंदा करायचाच नसेल. सहाव्याबद्दल वर बोललोच.

वरच्या क्रमाने लिहिलेली कमेंट:

> "वाचलं. चार वर्षांचं काम बंद करणं जड गेलं असणार. गाडीबद्दल तू लिहिलंस तेही वाचलं. बंद करताना आधी कारागिरांचे पगार दिलेस आणि लोकांचे पैसे कधी मिळतील ते कोणी विचारायच्या आत सांगितलंस, हे माझ्या लक्षात राहील. तू बसवून दिलेला गिअर आमच्याकडे अजून नीट चालतोय. फोन करत नाही. रविवारी मेसेज टाकतो, उत्तर नाही दिलंस तरी चालेल."

यात उत्साह कमी आहे, पण एकही वाक्य असं नाही की ज्यावर मित्राला मान हलवून 'हे आपलं बोलायचं म्हणून' असं वाटेल. 'अजून चालतोय' यातून त्याच्या कसबाबद्दल जे सांगायचं होतं तेही सांगून झालं, 'तुझं कौशल्य तुझ्याजवळच आहे' असं भाषण न करता.

मित्राशी तुमचं 'अरे-तुरे'चं नातं असेल तर असंच लिहा. एरवी 'तू' म्हणणाऱ्याने पोस्टखाली अचानक 'आपण', 'आपला प्रवास' असं औपचारिक लिहिलं की अंतर पडल्यासारखं वाटतं. आणि पोस्ट त्याने विनोदी अंगाने लिहिली असेल, तर एखादी हलकी ओळ चालेल, पण विनोद त्याने जिथे थांबवला त्याच्या पुढे नेऊ नका.

## ५. पाठवण्याआधी खोडा

कमेंट मोठ्याने वाचा आणि पुढच्या गोष्टी सापडल्या तर काढून टाका.

भविष्यकाळी क्रियापदं. 'येशील', 'होईल', 'करशील' यांच्याखाली रेघ मारा. तुम्ही स्वतः काय करणार आहात ते सोडून बाकी सगळं खोडायचं.

तुलना. 'निदान तब्येत तरी चांगली आहे', 'इतरांचं तर याहून वाईट झालं' ही वाक्यं दिलासा म्हणून येतात आणि तक्रार करायचा हक्क काढून घेतात. नव्या धंद्यांपैकी किती बंद पडतात याची आकडेवारीही याच जातीची. बाकीच्यांचे बंद पडले म्हणून याचे हप्ते कमी होत नाहीत.

थोरामोठ्यांच्या अपयशाच्या गोष्टी. दिव्याचा शोध लागण्याआधी एडिसन हजारो वेळा चुकला वगैरे. या गोष्टी शेवटी जिंकलेल्यांच्याच असतात, म्हणून त्या ऐकणाऱ्याला पुढचं विजयाचं पान लिहायला बसवतात.

स्वतःचा अनुभव. तुमचाही धंदा कधी बुडाला असेल तर त्याचा उल्लेख मोलाचा आहे, पण एका वाक्यात आणि निष्कर्षाशिवाय: 'माझं बंद पडलं होतं तेव्हा पहिले काही महिने कोणाशी बोलावंसं वाटलं नव्हतं.' पुढे 'पण मग मी...' सुरू झालं की पोस्ट तुमची झाली.

प्रश्नचिन्ह. 'नेमकं काय झालं?', 'आता पुढे काय?' सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, किंवा न दिलेलं दिसतं.

उद्गारचिन्ह एकही नको. इमोजी एखादाच, आणि वळलेल्या दंडाचा नकोच.

तपासा: खोडल्यावर दोनच वाक्यं उरली तर घाबरू नका. ती पाठवा. रिकाम्या जागी भर घालायला गेलात की मघाशी काढलेलंच परत येतं.

## ६. पाठवल्यानंतर

शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत लिहा. उशीर झाला असेल तर पोस्टखाली लिहून ती पुन्हा वर आणण्यापेक्षा थेट निरोप पाठवा, कारण कमेंट पडली की पोस्ट नव्याने लोकांपुढे येऊ शकते आणि मित्राला तेच सगळं पुन्हा झेलावं लागतं.

त्याने उत्तर दिलं नाही, नुसतं हृदयाचं चिन्ह टाकलं, तर विषय तिथेच थांबवा. 'माझी कमेंट पाहिलीस का?' असं विचारू नका. खाली दुसऱ्या कोणी टोमणा मारला किंवा पैशांची विचारणा केली तर मित्राच्या वतीने उत्तर देऊ नका. तुम्हाला हिशेब माहीत नाही, आणि तुमच्या तावातावाच्या बचावामुळे धागा लांबतो. मित्राला खासगीत 'खाली एक प्रश्न आलाय, पाहिलास का' एवढं कळवा.

रविवारी मेसेज टाकतो म्हटलं असेल तर रविवारीच टाका. विसरलात तर तुमचीही कमेंट आश्वासनांच्या ढिगात जाते. निरोपात एकच ठोस गोष्ट असू द्या: 'अवजारांची यादी करून विकायची असतील तर शनिवारी दोन तास येऊ शकतो. हो किंवा नाही एवढं कळव, या आठवड्यात नको असेल तर पुढच्या महिन्यात विचारेन.' जमणार असेल तेवढंच लिहा.

पोस्टवरची गर्दी साधारण आठवड्याभरात ओसरते. हप्ते, परताव्याची यादी आणि रिकामे दिवस मात्र त्यानंतरच खरे सुरू होतात. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एक निरोप पाठवायची आठवण आत्ताच फोनमध्ये लावून ठेवा. त्या निरोपात 'मग, आता काय करतोयस?' विचारू नका. त्याने महिनाअखेरचा परतावा लिहिला होता, तेव्हा तो पकडा: 'पैसे परत करायचं काम उरकलं का? याद्या जुळवायला हात हवा असेल तर बुधवारी संध्याकाळी मोकळा आहे.'